४१ नंबरची पिकअप डिझेल जास्त का पिऊ लागली? इंधन नोंदवहीवरून केलेला एक तपास

कोल्हापुरात मार्केट यार्डच्या परिसरात गोदाम असलेल्या एका किराणा वितरकाकडे आठ गाड्या आहेत. त्यांपैकी पाच छोटे हत्ती शहरात, गांधीनगरला आणि इचलकरंजीच्या बाजूला फिरतात, तर तीन पिकअप गारगोटी, गडहिंग्लज आणि फोंडा घाट उतरून कणकवलीपर्यंत माल पोहोचवतात. सगळ्या गाड्या डिझेलवर चालतात आणि ठरलेल्या एकाच पंपावर उधारीच्या खात्यात भरल्या जातात. पंपाचे बिल महिन्याच्या शेवटी येत असे, दिवाणजी ते गाडीनिहाय वेगळे करीत आणि महिनाभराचे किलोमीटर भागिले महिनाभराचे लिटर असे करून प्रत्येक गाडीचे ॲव्हरेज काढीत. या पद्धतीत दोन उणिवा होत्या. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी टाकीत किती डिझेल होते हे कोणालाच माहीत नसल्यामुळे आकडा मुळातच सैल येई. आणि बिघाड महिन्याच्या पाच तारखेला झाला, तर तो कळायला पुढचा महिना उजाडे.

म्हणून नोंद बदलण्यात आली. प्रत्येक वेळी डिझेल भरताना तारीख, गाडीचा क्रमांक, मीटरचे रीडिंग, लिटर आणि टाकी फुल केली की थोडेच भरले, एवढ्या पाच गोष्टी शीटमध्ये लिहायच्या असे ठरले. सहावा रकाना मार्गाचा. त्याचा हिशेबात थेट उपयोग नाही, पण पुढे जे प्रकरण सांगायचे आहे त्यात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला.

हिशेबाचे तत्त्व जुनेच आहे: एकदा टाकी फुल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढे लिटर बसले तेवढेच मधल्या अंतरात जळाले. अडचण येते ती मध्येच कोणी पाच-दहा लिटर टाकून पुढे गेल्यावर. कागलच्या पुढे निपाणीला कर्नाटकचा दर लागतो, आणि दर कमी असेल त्या बाजूला ड्रायव्हर थोडे डिझेल भरून घेतात, यात गैर काही नाही. पण असे अर्धवट भरलेले लिटर स्वतंत्र ओळीत मोजले तर त्या ओळीचे ॲव्हरेज अफाट दिसते आणि पुढची ओळ पार आपटते. त्यामुळे ॲव्हरेज फक्त ‘फुल’ नोंदीलाच काढायचे आणि मधले सगळे लिटर त्यात मिळवायचे, असा नियम सूत्रात घातला. A मध्ये तारीख, B मध्ये गाडी, C मध्ये रीडिंग, D मध्ये लिटर आणि E मध्ये ‘फुल’ किंवा ‘अर्धी’ असे धरले आणि मार्गाचा रकाना H च्या पुढे ठेवला, तर F, G आणि H या रकान्यांची दुसऱ्या ओळीतील सूत्रे अशी होतात:

```
F2: =IF(E2="फुल",MAXIFS(C$1:C1,B$1:B1,B2,E$1:E1,"फुल"),0)
G2: =IF(F2>0,SUMIFS(D$1:D2,B$1:B2,B2,C$1:C2,">"&F2),"")
H2: =IF(F2>0,(C2-F2)/G2,"")
```

F त्याच गाडीचे मागच्या फुल टाकीचे रीडिंग शोधतो, G त्यानंतर भरलेले सगळे लिटर जोडतो आणि H प्रतिलिटर किलोमीटर देतो. गाडीची पहिलीच फुल नोंद असेल, तर मागे काही नसल्याने उत्तर रिकामे राहते, आणि ते तसेच राहिले पाहिजे. सूत्र वरच्या ओळींकडेच पाहते, म्हणून निपाणीची एखादी पावती उशिरा हाती आली तर ती खाली चिकटवून चालत नाही. रीडिंगच्या क्रमाने तिच्या जागी ओळ घालून सूत्रे पुन्हा खाली ओढावी लागतात.

आता इशारा कधी द्यायचा, हा प्रश्न होता. मालकांची पहिली सूचना सरळ होती: मागच्या वेळेपेक्षा ॲव्हरेज दहा टक्क्यांनी उतरले की ओळ लाल करा. तसे करून पाहिले, तेव्हा पहिल्याच पंधरवड्यात निम्म्या गाड्या लाल झाल्या. त्यांतली एक नोंद नीट पाहण्यासारखी आहे. एका छोट्या हत्तीचे नेहमीचे ॲव्हरेज १९ च्या आसपास. त्याने ३०० किलोमीटरला १३.३ लिटर घेतले, म्हणजे २२.६ आले, पुढच्या ३०० किलोमीटरला १८.३ लिटर बसले आणि ॲव्हरेज १६.४ वर आले. लाल ओळ दुसरी होती, पण गडबड पहिलीत होती. पहिल्या वेळी पंपावर नोझल फेसामुळे लवकर कट झाली, टाकी अडीच लिटरने कमी भरली आणि तरी ‘फुल’ लिहिले गेले. ते अडीच लिटर दुसऱ्या वेळी भरले गेले. दोन्ही मिळून ६०० किलोमीटरला ३१.६ लिटर होतात, म्हणजे पुन्हा १९ च. भरण्यातली चूक नेहमी अशी जोडीने येते: एकदा वर, लगेच खाली, आणि बेरीज जागच्या जागी. खरी घसरण मात्र खाली जाते आणि खालीच राहते. इशाऱ्याचा नियम या एका फरकावर उभा करता येतो.

त्यासाठी दोन गोष्टी केल्या. एक, तुलना मागच्या नोंदीशी न करता त्या गाडीच्या ठरवून ठेवलेल्या पायाशी करायची. हा पाया म्हणजे गाडी ठीक असतानाच्या दहा फुल नोंदींचा मध्य, म्हणजे त्या चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. सरासरी नव्हे, कारण एखादी वेडीवाकडी नोंद सरासरीला ओढून नेते, मध्याला नाही. पाया आपोआप पुढे सरकू द्यायचा नाही. तो दर आठवड्याला नव्या नोंदींवरून बदलत राहिला तर हळूहळू खालावणारी गाडी आपल्याबरोबर पायालाही खाली नेते आणि इशारा कधीच वाजत नाही. दोन, शेवटच्या तीन फुल नोंदींचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, आणि मग भागाकार. तीन ॲव्हरेजची सरासरी नाही. अशा एकत्र हिशेबात मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, फक्त पहिल्या आणि शेवटच्या टोकाची चूक उरते. शंभरेक लिटरमध्ये लिटरभर चूक म्हणजे एक टक्का. त्यामुळे आठ टक्क्यांची घसरण ही पंपावरची गंमत नाही, असे खात्रीने म्हणता येते. एकाच नोंदीत वीस टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मात्र तीन नोंदींची वाट न पाहता त्याच दिवशी गाडीखाली वाकून पाहायचे, कारण ती गळतीही असू शकते.

या नियमाने ऑगस्टच्या अखेरीस ४१ नंबरची पिकअप लाल झाली. तिचा पाया १३.५ होता आणि तीन नोंदींचे एकत्रित ॲव्हरेज ११.८ आले होते. घसरण साडेबारा टक्क्यांची.

गोदामात याचा अर्थ तत्काळ लावण्यात आला. पिकअप कणकवलीला जाते, कधीकधी तिथेच मुक्काम पडतो, आणि ‘मुक्कामाच्या गाडीचे डिझेल रात्रीत आटते’ हे वाहतुकीच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेले असते. त्या गाडीवरचे ड्रायव्हर वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगून ठेवले होते, ‘‘मालक, उतारावर सोडली तरी गाडी पळंना झालीया.’’ ते वाक्य मालकांना आता आगाऊ केलेली सबब वाटू लागले. मामांना विचारण्याआधी नोंदी विचारून पाहू, एवढीच विनंती आम्ही केली.

प्रश्न असा मांडला: जास्तीचे लिटर कशाच्या प्रमाणात आहेत? गाडीत बिघाड असेल तर ती प्रत्येक किलोमीटरला थोडे जास्त पिणार, म्हणजे जास्तीचे डिझेल अंतराच्या प्रमाणात वाढणार. कोणी टाकीतून काढत असेल, तर ते कॅनच्या मापाने निघणार. अंतर दोनशे असो वा पाचशे, जाणार पाच लिटर किंवा दहा. पायाप्रमाणे अपेक्षित लिटर काढून तीन नोंदी शेजारी ठेवल्या.

| अंतर (किमी) | अपेक्षित लिटर | प्रत्यक्ष लिटर | जास्तीचे लिटर | दर १०० किमीला जास्त |
|---|---|---|---|---|
| ४१२ | ३०.५ | ३४.९ | ४.४ | १.०७ |
| २३६ | १७.५ | २०.१ | २.६ | १.१० |
| ५२१ | ३८.६ | ४४.० | ५.४ | १.०४ |

शेवटचा रकाना जवळजवळ स्थिर आहे. दर वेळी पाच लिटर निघाले असते तर २३६ किलोमीटरच्या नोंदीचे ॲव्हरेज साडेदहावर कोसळले असते आणि ५२१ च्या नोंदीचे ११.९ राहिले असते. लहान टप्पा जास्त वाईट दिसला असता. इथे तिन्ही टप्पे ११.७ ते ११.९ या पट्ट्यात बसले आहेत. अर्थात चोर दर फेरीला, फेरीच्या लांबीप्रमाणे काढत असेल तर हेच चित्र दिसेल, हा आक्षेप मालकांनी लगेच घेतला आणि तो रास्त होता. त्यावर मार्गाच्या रकान्याने उत्तर दिले. २३६ किलोमीटरच्या टप्प्यात गाडी तीनही दिवस शहर आणि इचलकरंजीच्या फेऱ्या करीत होती आणि रोज रात्री गोदामात उभी राहत होती. ५२१ चा टप्पाही तीनच दिवसांचा होता, पण त्यात कणकवलीच्या दोन फेऱ्या आणि एक मुक्काम होता. मुक्कामाच्या टप्प्यात दर शंभर किलोमीटरची नासाडी वाढायला हवी होती. ती वाढली नव्हती.

तरीही ‘प्रमाणात’ याचा अर्थ बिघाड एवढाच होत नाही. मीटर कमी दाखवू लागले तरी ॲव्हरेज नेमके प्रमाणात घसरते. मोठ्या मापाचे टायर बसवले की असे होते. चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापते, पण मीटर फेरेच मोजते. हे तपासायला रस्त्यावर जावे लागले नाही. गारगोटीची फेरी ठरलेली, दुकाने ठरलेली. ती घसरणीआधी ११० किलोमीटरच्या आसपास नोंदली जात होती आणि नंतरही तितकीच नोंदली गेली. मीटर ठीक होते.

पंपाचे माप हा पुढचा संशय. पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवलेले असते, ग्राहकाला त्यात डिझेल ओतून पाहण्याचा हक्क आहे, आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढाच फरक चालतो. साडेबारा टक्क्यांचे स्पष्टीकरण तिथे मिळणे कठीण होतेच. शिवाय त्याच पंपावर, अनेकदा त्याच नोझलवर भरणाऱ्या ५७ नंबरच्या पिकअपचे ॲव्हरेज त्याच काळात १३.२ वरून १३.० वर आले होते. पावसाळ्यातले ओले रस्ते, खड्डे आणि सारखे गिअर बदलणे याचा वाटा साधारण तेवढाच, दीड टक्क्याचा, हेही या जोडगाडीवरून कळले. गाड्या किमान जोडीने सारख्या असतील तर इशारा तपासताना दुसरी गाडी आधी पाहावी; ऋतू, रस्ता, डिझेल आणि पंप हे चारही प्रश्न एका नजरेत निकालात निघतात.

घाटाबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. कोकणात जाणारी गाडी घाटामुळे जास्त पिते असे सरसकट मानले जाते. आमच्या मार्गावर माल वरून खाली जातो आणि गाडी रिकामी वर चढते, त्यामुळे फोंड्याच्या फेऱ्यांचे ॲव्हरेज फारसे पडत नाही. परतीला काजू किंवा नारळ भरून आणले, की मात्र ते स्पष्ट पडते. या तीन टप्प्यांत परतीचा माल नव्हता, हेही मार्गाच्या रकान्यात लिहिलेले होते.

उरला बिघाड, आणि तो कधी सुरू झाला हे नोंदींतच होते. शेवटची चांगली नोंद आणि पहिली वाईट नोंद यांच्या मध्ये चार दिवस कोणत्याच गाडीची ओळ नव्हती. पंचगंगेचे पाणी वाढून रस्ते बंद झाल्यामुळे सगळ्या गाड्या उभ्या होत्या. बाकीच्या गाड्या सपाटीवर, गिअरमध्ये टाकून ठेवल्या होत्या. ४१ नंबर गोदामाच्या उतरणीवर होती, म्हणून तिचा हँडब्रेक चार दिवस ओढलेला राहिला, तोही भर पावसात.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींना एवढी हकिगत सांगितल्यावर त्यांनी इंजिनचे बॉनेट उघडलेच नाही. गाडी कागलच्या दिशेने दहा किलोमीटर नेली, शक्यतो ब्रेक न दाबता, आणि शेवटी वेग आपोआप कमी होऊ देऊन थांबवली. चारही चाकांच्या मधल्या भागावर पाण्याचे थेंब टाकले. मागच्या डाव्या ड्रमवर थेंब चर्रकन उडाला; उजव्यावर नुसता ओघळला. गाडी जॅकवर घेऊन न्यूट्रलमध्ये चाक फिरवले, तेव्हा उजवे चाक दोन-तीन फेरे सहज फिरले आणि डावे अर्ध्या फेऱ्यातच अडले. हँडब्रेकची केबल बाहेरच्या आवरणात गंजून चिकटली होती. लिव्हर खाली टाकला, की डॅशबोर्डवरचा दिवा विझत होता, पण दिव्याचा स्विच लिव्हरपाशी असतो. चाकाकडचा ब्रेक सुटला की नाही हे त्याला कळत नाही. डावे ब्रेक शू पूर्ण सुटत नव्हते आणि ड्रमला घासत गाडी चालत होती.

एवढ्याशा घासण्याने एवढे डिझेल जाते का, अशी शंका येणे साहजिक आहे, म्हणून ढोबळ हिशेब करून पाहिला. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातील तीस टक्क्यांच्या आसपास चाकांपर्यंत पोहोचते. दर शंभर किलोमीटरला १.०७ लिटर जास्त, म्हणजे साधारण साडेअकरा मेगाज्यूल त्या एका ड्रममध्ये उष्णता होऊन जात होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने शंभर किलोमीटरला दोन तास लागतात. भागाकार केला की सुमारे दीड किलोवॅट येतात. बादलीत सोडून पाणी तापवायच्या रॉडची ताकद तेवढीच असते. असा रॉड चाकात सतत चालू असल्यावर त्यावर पाणी उडणारच. आकडा आणि थेंब एकमेकांना जुळले, म्हणून दुसरा बिघाड शोधण्याची गरज उरली नाही. हिशेबात शंभर वॅट आले असते किंवा दहा किलोवॅट आले असते, तर तपास तिथेच थांबवता आला नसता.

केबल बदलली, दोन्ही मागचे शू बदलले कारण डावे काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि उष्णतेने बेअरिंगचे ग्रीस पातळ होऊन बाहेर येऊ लागले होते म्हणून तेही नवे भरले. हे आणखी महिनाभर राहिले असते तर बेअरिंग गेले असते, असे मेस्त्रींचे मत पडले. तीन टप्प्यांत मिळून १२.४ लिटर डिझेल वाया गेले होते. भरलेल्या गाडीचे मागचे चाक घाटाच्या उतारावर तापलेले असण्याचा धोका त्याहून मोठा होता.

मालक स्वतः मामांकडे गेले. ‘‘मामा, तुम्ही सांगितलं तवाच गाडी दाखवायला पाहिजे होती,’’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर शीटमध्ये सातवा रकाना आला: ड्रायव्हरचे म्हणणे. ‘गाडी जड’, ‘धूर’, ‘ब्रेक लांब लागतो’ असे दोन-तीन शब्द पुरतात. आकड्याचा इशारा तीन टाक्या भरल्यावर येतो. पायाखालच्या गाडीतला फरक ड्रायव्हरला पहिल्याच उतारावर कळतो. म्हणून या रकान्यात काही लिहिलेले असेल तर त्या गाडीसाठी आठऐवजी पाच टक्क्यांची घसरण इशाऱ्याला पुरेशी धरायची, असे ठरले.

दुरुस्तीनंतरच्या तीन टाक्यांचे एकत्रित ॲव्हरेज १३.३ आले. नवे शू सुरुवातीला थोडे घासून बसतात आणि पावसाळाही चालू होता, त्यामुळे जुना १३.५ चा पाया लगेच लावला नाही आणि १३.३ ला नवा पायाही केला नाही. दिवाळीनंतर रस्ते कोरडे झाल्यावरच्या दहा टाक्या मोजून पाया ठरवायचा, तोवर ५७ नंबरशी तुलना करायची. घसरणीच्या काळातल्या तीन ओळी पुसल्या नाहीत; त्यांच्यापुढे ‘हँडब्रेक केबल’ असे लिहून त्या पायाच्या हिशेबातून वगळल्या आहेत.

एक मर्यादा मालकांना आधीच सांगून ठेवली आहे. दर टाकीमागे एक-दीड लिटर कोणी नियमितपणे काढत असेल तर ते या नोंदवहीत पाच टक्क्यांच्या खाली राहील आणि पकडले जाणार नाही. इशाऱ्याची रेषा आणखी खाली आणली तर नोझल लवकर कट झालेल्या दिवशीही लाल ओळी उठतील आणि आठवड्याभरात दिवाणजी त्यांच्याकडे पाहणे सोडून देतील. तेवढ्या लहान गळतीसाठी टाकीच्या झाकणाला सील लावणे हाच उपाय आहे, आणि तो फक्त मुक्कामाला जाणाऱ्या तीन पिकअपना केला आहे.